तलावातली चिलापी आणि दिशाक्षेत्र: समतोल कागदावर कसा वाचायचा

बी.एस्सी.च्या वर्गात डिफरन्शियल इक्वेशन फळ्यावर लिहिलं की मुलं लगेच व्हेरिएबल वेगळे करून इंटिग्रेशनला बसतात. उत्तर येतं, पण ते लॉगरिदमच्या आत अडकलेलं असतं. मग 'पंधरा-वीस वर्षांनी काय होईल?' असं विचारलं की त्याच उत्तराशी पुन्हा झटापट सुरू होते. ज्या इक्वेशनच्या उजव्या बाजूला वेळ t मुळीच दिसत नाही, फक्त y दिसतो, त्यांच्या बाबतीत ही झटापट बहुतेक वेळा लागत नाही. एक आलेख कागद, पट्टी, दोन गुण्ये आणि टोकदार पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात सगळं भवितव्य वाचता येतं. अशा इक्वेशनला ऑटोनॉमस म्हणतात. या लेखात मी एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेणार आहे.

उदाहरण ठरवू

कोल्हापूरच्या आत-बाहेर तलावांना तोटा नाही. रंकाळा आहे, कळंबा आहे, विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव आहे, कोटीतीर्थ आहे. आपण असाच एक तलाव मनात धरू. पुढचे आकडे मात्र यातल्या कुठल्याही तलावाचे नाहीत, हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून मी ते ठरवलेत.

तलावात चिलापी आहे, म्हणजे तिलापिया. मासा मुद्दाम निवडलाय. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी आणून सोडावं लागतं. त्यांची संख्या आपण काय सोडतो त्यावर ठरते, म्हणून खालचं मॉडेल त्यांना लागू पडत नाही. चिलापी तलावातच पिल्लं देते, म्हणून 'जितके मासे, त्यावर वाढ' हा हिशेब तिला चालतो.

y म्हणजे तलावातले मासे, टनांत. t म्हणजे वेळ, वर्षांत. पकडलंच नाही तर तलाव 10 टन मासे पोसू शकतो आणि मासे थोडे असताना वाढीचा दर वर्षाला 1, असं धरू. मग नैसर्गिक वाढ y(1 − y/10) इतकी होते. मासे 1 टन असतील तर वर्षाला 0.9 टनाच्या वेगाने वाढतात, 5 टन असतील तर 2.5 टनाच्या वेगाने. 9 टन झाल्यावर अन्न आणि जागा कमी पडते आणि वाढ परत 0.9 वर येते.

आता तलाव ठेक्याने दिलाय आणि ठेकेदार वर्षाला ठरावीक 1.6 टन मासे काढतो, वर्षभर सारख्या गतीने. इक्वेशन असं होतं:

y′ = y(1 − y/10) − 1.6

उजव्या बाजूला f(y) म्हणू. तिथे t नाही, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक पायरीत कामाला येणार आहे.

पहिली पायरी: दिशाक्षेत्राच्या आधी f चा आलेख

दिशाक्षेत्र म्हणजे t-y च्या कागदावर बिंदूबिंदूला तिथला चढ दाखवणाऱ्या बारीक रेघा. बरेच जण थेट त्या रेघा मारायला सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की आधी एका कोपऱ्यात f(y) चा आलेख काढा, y आडव्या अक्षावर आणि f उभ्या अक्षावर. पुढे काय होणार ते सगळं या छोट्या आलेखात आधीच असतं.

f शून्य कुठे होतो? y(1 − y/10) = 1.6 ला 10 ने गुणलं की y² − 10y + 16 = 0, म्हणजे (y − 2)(y − 8) = 0. म्हणून

f(y) = −(y − 2)(y − 8)/10

हा खाली तोंड असलेला पॅराबोला आहे. तो y = 2 आणि y = 8 ला अक्ष छेदतो आणि मधोमध y = 5 ला 0.9 इतका वर जातो. 2 आणि 8 हे समतोल. मासे नेमके 2 किंवा नेमके 8 टन असतील तर जितकी वाढ होते तितकेच पकडले जातात आणि y हलत नाही.

मग एकेका टनासाठी किंमत काढून ठेवा. पॅराबोला 5 भोवती सममित असल्यामुळे निम्मंच काम करावं लागतं:

- y = 5: 0.9
- y = 4 आणि 6: 0.8
- y = 3 आणि 7: 0.5
- y = 2 आणि 8: 0
- y = 1 आणि 9: −0.7
- y = 0 आणि 10: −1.6
- y = 11: −2.7

अख्ख्या चित्रासाठी एवढे आकडे पुरतात. उजवीकडे t असता तर चौकटीतल्या प्रत्येक बिंदूसाठी वेगळा आकडा काढावा लागला असता, शंभराच्या वर.

दुसरी पायरी: कागद आणि प्रमाण

आलेख कागदावर आडवा अक्ष t चा, 0 ते 10. उभा अक्ष y चा, 0 ते 11. दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच ठेवा: 1 सेंमी म्हणजे 1 वर्ष, 1 सेंमी म्हणजे 1 टन. कागद पुरतोय म्हणून आडवं प्रमाण ताणायचा मोह होतो. ते चुकीचं नाही, पण मग रेघेचा कोन थेट f वरून काढता येत नाही. आडव्या अक्षावर 2 सेंमी म्हणजे 1 वर्ष घेतलं, तर कागदावरचा चढ f च्या निम्मा होतो. प्रमाण अक्षांवर नीट लिहिलंय पण रेघा जुन्याच कोनात मारल्यात, असं उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतं. त्यात समतोल बरोबर येतात, वक्र मात्र चुकीच्या वेगाने वळतात.

प्रमाण सारखं असलं की काम सोपं. चढ 0.9 म्हणजे 10 मिमी उजवीकडे आणि 9 मिमी वर. रेघ त्याच्या निम्मी ठेवा: 5 मिमी उजवीकडे, 4.5 मिमी वर. चढ −1.6 असेल तर 5 मिमी उजवीकडे आणि 8 मिमी खाली इतकी रेघ लांब होते आणि शेजारच्या रांगेच्या जवळ जाते. अशा ठिकाणी कोन तोच ठेवून लांबी कमी करा, सगळ्या रेघा साधारण 6-7 मिमीच्या दिसल्या पाहिजेत. रेघेचा अर्थ तिच्या कोनात आहे, लांबीत नाही. रेघेचा मध्य बिंदूवर आला पाहिजे, सुरुवात नव्हे. नाहीतर सगळं चित्र थोडं उजवीकडे सरकल्यासारखं होतं.

तिसरी पायरी: रांगेमागून रांग

इथे गुण्या कामाला येतो. t उजव्या बाजूला नसल्यामुळे एका आडव्या रांगेतल्या सगळ्या रेघा समांतर असतात. म्हणून y = 5 च्या रांगेत पहिली रेघ नीट मोजून मारा. तिच्यावर गुण्या बसवा, खाली दुसरा गुण्या टेकवा आणि पहिला सरकवत t = 1, 2, 3 … 9 ला त्याच कोनाच्या रेघा मारत जा. मग y = 4 आणि y = 6 ची रांग, त्यांचा चढ एकच. मग 3 आणि 7.

y = 2 आणि y = 8 ला बारीक रेघा मारत बसू नका. तिथे पट्टीने पूर्ण आडवी, जरा गडद रेघ ओढा. त्या दोन रेघा स्वतःच इक्वेशनची उत्तरं आहेत.

समतोलाच्या जवळ मात्र एक टनाचं अंतर मोठं पडतं. 2 च्या वर आणि खाली अर्ध्या टनाच्या जादा रांगा घाला: y = 2.5 ला चढ 0.275, y = 1.5 ला −0.325. या दोन रांगांमुळे 2 च्या रेघेपासून दोन्हीकडच्या रेघा कशा दूर झुकतात ते डोळ्यांना दिसतं. 8 च्या दोन्ही बाजूंनाही हेच करा, तिथे त्या रेघेकडे झुकलेल्या दिसतील. चित्राच्या बाकीच्या भागात इतकी दाटी करायची गरज नाही.

चौथी पायरी: वक्र ओढणं

आता सुरुवातीचे चार बिंदू घ्या, t = 0 वर: y = 11, y = 5, y = 2.2 आणि y = 1. प्रत्येकातून पेन्सिल अशी न्या की ती जाताना जवळच्या रेघांशी समांतर राहील.

11 पासून निघताना चढ −2.7 आहे, म्हणजे जवळजवळ 70 अंशांची उतरण. पेन्सिल याच दिशेने सरळ 2 सेंमी आडवी नेली, तर 5.4 खाली येऊन ती 5.6 वर पोचते, 8 ची रेघ ओलांडून. हे कधीच होऊ शकत नाही. 8 ची रेघ हे एक उत्तर आहे, आणि f आपल्या इक्वेशनसारखा गुळगुळीत असेल तर दोन वेगळी उत्तरं एका बिंदूत भेटत नाहीत. वक्र आडवी समतोल रेघ छेदत असेल तर पेन्सिल फार लांबवर सरळ ओढली गेलीय, हे नक्की समजा. उपाय एकच: प्रत्येक रांगेशी थांबून कोन बदला. 10 ला −1.6, 9 ला −0.7, मग उतार मंदावत जाऊन वक्र 8 ला वरून लगटतो.

इथे एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न खूप चांगला होता. "सर, ही रेघ आठला टेकणार कधी?"

"टेकतच नाही गं."

"मग आठ टन होतात असं कसं म्हणायचं?"

म्हणायचं असं, की फरक हवा तितका लहान करता येतो. 8 च्या अगदी जवळ उरलेला फरक साधारण 14 महिन्यांत निम्मा होतो (हा आकडा कुठून आला ते पुढे येतंच), मग पुढच्या 14 महिन्यांत आणखी निम्मा. तलावातला मासा तोलणाऱ्याला काही वर्षांनी तो फरक दिसणारही नाही. पण कागदावर वक्र रेघेला चिकटवू नका, शेवटपर्यंत एक बारीक फट ठेवा.

2.2 पासूनचा वक्र सगळ्यात बोलका आहे. सुरुवातीला तो जवळजवळ आडवा जातो, मग हळूहळू उचलतो, y = 5 ला सगळ्यात उभा होतो आणि तिथून वळण बदलून 8 कडे सपाट होत जातो. वळण नेमकं 5 लाच का बदलतं? y″ = f′(y)·f(y), आणि f′ शून्य होतो तो पॅराबोलाच्या शिखरावर, म्हणजे y = 5 ला. 2 आणि 8 च्या मधला प्रत्येक वाढता वक्र 5 ची रांग ओलांडताना वळण बदलतो. तुमचा वक्र 4 ला किंवा 6.5 ला वळत असेल तर परत बघा. 5 पासून सुरू केलेल्या वक्राला पहिला, उचलत जाणारा भाग नसतोच.

आणखी एक पडताळा आहे. t उजवीकडे नसल्यामुळे कुठलाही वक्र आडवा सरकवला तरी तो उत्तरच राहतो. 2.2 चा वक्र ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि डावीकडे सरकवा. तो 5 वर t = 0 ला आला की 5 पासूनच्या वक्रावर तंतोतंत बसला पाहिजे. बसला नाही तर दोघांपैकी एक चुकलाय.

1 टनापासूनचा वक्र खाली जातो, आणि जसा खाली जातो तसा जास्त उभा होतो: −0.7 पासून −1.6 पर्यंत. तो शून्याला लगटत नाही, थेट आदळतो. इंटिग्रेशन करून बघितलं तर 1 टन संपायला (10/6)·ln(7/4), म्हणजे सुमारे 0.93 वर्ष लागतं, अकरा महिने. त्याच्यापुढे वक्र काढू नका. कागदावर तो शून्याखाली जाईल, पण उणे टन मासे नसतात. तलाव रिकामा झाल्यावर वर्षाला 1.6 टन पकडणं शक्य नाही, म्हणून तिथे इक्वेशनच लागू राहत नाही.

पाचवी पायरी: सगळं एका उभ्या रेघेत

दिशाक्षेत्रातल्या रांगा समांतर आहेत, मग इतक्या रेघा ठेवायच्या कशाला? चित्राच्या बाजूला एक उभी रेघ काढा, तिच्यावर 2 आणि 8 ला ठिपके द्या. मग f चं चिन्ह बघून बाण काढा: 8 च्या वर f ऋण, बाण खाली. 2 ते 8 मध्ये धन, बाण वर. 2 च्या खाली ऋण, बाण खाली. हिला फेज लाइन म्हणतात.

8 कडे दोन्ही बाजूंनी बाण येतात, म्हणून तो स्थिर समतोल, ठिपका भरीव करा. 2 पासून दोन्ही बाजूंनी बाण दूर जातात, म्हणून तो अस्थिर, ठिपका पोकळ ठेवा. दीर्घकाळचं वर्तन इथून एका वाक्यात वाचता येतं: सुरुवातीला 2 टनांहून जास्त मासे असतील तर तलाव 8 टनांकडे जातो, कमी असतील तर रिकामा होतो, आणि नेमके 2 असतील तर कागदावर 2 च राहतात. हे शेवटचं फक्त कागदावर. खऱ्या तलावात एखादा उन्हाळा, एखादं जाळं त्याला 2 वरून ढकलतंच.

लक्षात घ्या की 2 टन हा कुठल्याही वक्राचा शेवट नाही, तरी सगळ्यात महत्त्वाची माहिती त्याच रेघेत आहे, कारण तलाव वाचणार की संपणार ती सीमा तिथे आहे. बरीच मुलं 'समतोल 2 आणि 8' लिहून थांबतात. कुठला कुठल्या प्रकारचा, आणि कुठून सुरुवात केली तर कुठे जातो, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

हेच डेरिव्हेटिव्हने तपासता येतं. f′(y) = 1 − y/5. f′(8) = −0.6, ऋण, म्हणून स्थिर. f′(2) = +0.6, धन, म्हणून अस्थिर. या आकड्यातून वेगही कळतो, जो बाणांतून कळत नाही. 8 च्या जवळ फरक e^(−0.6t) प्रमाणे आटतो, म्हणून निम्मा व्हायला ln 2/0.6 = 1.16 वर्षं, म्हणजे ते 14 महिने. 2 च्या जवळ फरक तितक्याच काळात दुप्पट होतो. हा हिशेब समतोलाच्या अगदी जवळच खरा आहे. 7 वरून 7.5 वर यायला, म्हणजे 1 टनाचा फरक निम्मा व्हायला, 16 महिने लागतात.

सहावी पायरी: ठेका वाढवला तर

आता 1.6 च्या जागी h घालू. f चा आलेख तोच पॅराबोला, फक्त h जितका वाढेल तितका खाली सरकतो. दोन समतोल एकमेकांकडे येतात: h = 2.1 ला ते 3 आणि 7 होतात, h = 2.5 ला दोन्ही 5 वर भेटतात.

h = 2.5 ला f = −(y − 5)²/10. इथे f′(5) = 0, म्हणून डेरिव्हेटिव्हची कसोटी काहीच सांगत नाही. काही जण 'f′ शून्य म्हणजे स्थिर' असं लिहून मोकळे होतात. चिन्ह बघा: 5 च्या वरही ऋण, खालीही ऋण. वरून येणारा 5 कडे येतो, खालचा दूर जातो. हा अर्धस्थिर समतोल. वरून येणाराही फार रेंगाळतो: 8 पासून निघालेला 10 वर्षांनी 5.75 वर असतो, 30 वर्षांनी 5.3 वर. आणि 4 पासून निघालेला 8 वर्षांत शून्यावर पोचतो.

खरी परीक्षा h = 2.6 ला आहे. ठेका फक्त 0.1 टनाने वाढलाय. y² − 10y + 26 = 0 ला वास्तव उत्तर नाही, म्हणजे समतोल एकही नाही. f सगळीकडे ऋण. फेज लाइनवर एकही ठिपका नाही, सगळे बाण खाली.

आता याचं दिशाक्षेत्र काढून बघा. 5 च्या रांगेत चढ −0.1, 4 आणि 6 च्या रांगेत −0.2. आपल्या प्रमाणात 5 च्या रांगेतली रेघ 5 मिमी उजवीकडे जाताना अर्धा मिमी खाली येते, आणि अर्धा मिमी म्हणजे मेकॅनिकल पेन्सिलीच्या साध्या लेडची जाडी. ती रेघ डोळ्यांना आडवीच दिसते. त्या पट्ट्यातून वक्र ओढला की तो सपाट होऊन 5 च्या आसपास स्थिरावल्यासारखा वाटतो, आणि चित्र t = 10 ला संपतं. मुलं तिथे 'y → 5' लिहितात.

खरा हिशेब बघा. 8 टनांपासून 6 पर्यंत यायला साधारण 4.6 वर्षं. 6 पासून 4 पर्यंत 15.7 वर्षं. मग 4 पासून 2 पर्यंत परत 4.6 वर्षं, आणि 2 पासून शून्यापर्यंत सव्वा वर्ष. एकूण सुमारे 26 वर्षं, त्यातली निम्म्याहून जास्त त्या सपाट पट्ट्यात. तिथे असताना दरवर्षी मासे मोजणाऱ्याला तलाव ठीकठाक वाटेल, आणि ठेकेदार दरवर्षी 2.6 टन काढतच असेल.

म्हणून माझा नियम पक्का आहे: रेघा सपाट दिसल्या म्हणून तिथे समतोल लिहायचा नाही. f(y) = 0 सोडवा, वास्तव उत्तर आलं तरच समतोल. चित्र दिशा दाखवायला उत्तम आहे, शून्य आहे की नाही हे ठरवायला नाही. संशय आला तर दोन गोष्टी करा: t चा अक्ष 30 पर्यंत न्या, आणि त्या पट्ट्यात f च्या किमती दोन दशांशांपर्यंत काढा. एकाच चिन्हाच्या बारीक किमती आल्या, मध्ये शून्य नाही, तर वक्र तिथून आज ना उद्या निघून जाणार.

यातून एक व्यावहारिक प्रश्न येतो. ठेका 2.6 चा होता, मासे घसरताहेत हे उशिरा लक्षात आलं, आता परत 1.6 केला तर तलाव सावरेल का? y त्या क्षणी 2 च्या वर असेल तर हो, 8 कडे परत जाईल. पण 1.9 वर आलेला असेल तर 1.6 ने भागत नाही, कारण 1.9 टनांची नैसर्गिक वाढ 1.9 × 0.81 = 1.54 टनच आहे. पकड त्याहून कमी केली तरच तिथून चढण सुरू होते. जुन्या आकड्यावर परत आलं की जुनी स्थिती परत येईल, हे गृहीत धरता येत नाही. h बदलला की फेज लाइन नव्याने काढायची आणि आताचा y कुठल्या ठिपक्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

ठरावीक टन की ठरावीक हिस्सा

समजा ठेका असा बदलला: ठरावीक टन नाही, तर तलावात जे असतील त्याच्या 0.5 पटीच्या दराने. मासे कमी तर पकड कमी.

y′ = y(1 − y/10) − 0.5y = y(5 − y)/10

समतोल 0 आणि 5. f′(y) = 0.5 − y/5, म्हणून f′(0) = +0.5, अस्थिर, आणि f′(5) = −0.5, स्थिर. 5 टनांवर पकड किती? 0.5 × 5 = 2.5 टन वर्षाला. आधीच्या पद्धतीत नेमक्या याच 2.5 टनांवर समतोल अर्धस्थिर झाला होता आणि 4 टनांवरचा तलाव 8 वर्षांत रिकामा होत होता. इथे मासे 1 टनावर आले तरी चढ +0.4 आहे, तलाव परत वर येतो.

दोन्ही फेज लाइन शेजारी शेजारी काढून बघा. 0 चा ठिपका सोडला तर ठिपका दोन्हीकडे 5 लाच आहे, मासळीही तितकीच मिळते, फरक फक्त 5 च्या खालच्या बाणाचा. या एका बाणासाठी मी विद्यार्थ्यांकडून ही दोन चित्रं एकाच कागदावर काढून घेतो.

हे कुठे चालत नाही

खऱ्या तलावात वर्षभर सगळं सारखं नसतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे, तलाव भरतो. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा जागाही कमी आणि पकडणंही सोपं. आपण वर्षाची सरासरी घेऊन 10 टन आणि 1.6 टन हे आकडे स्थिर धरले. काही वर्षांचा कल बघायचा असेल तर हे खपतं, 'येत्या मे महिन्यात किती मासे असतील' या प्रश्नाला ते उपयोगाचं नाही.

महिन्याप्रमाणे बदलणारी पकड इक्वेशनमध्ये घातली की उजव्या बाजूला t येतो, जसं y′ = y(1 − y/10) − 1.6(1 + cos 2πt). तिथे दिशाक्षेत्र काढता येतं, पण एका रांगेतल्या रेघा समांतर राहत नाहीत, गुण्या सरकवता येत नाही, प्रत्येक बिंदूसाठी चढ वेगळा काढावा लागतो. वक्र आडवा सरकवायचा पडताळाही सुटतो. 2 आणि 8 च्या आडव्या रेघा उत्तरं राहत नाहीत, वक्र त्यांना खुशाल ओलांडू शकतात, आणि फेज लाइन काढताच येत नाही. म्हणून इक्वेशन हातात आलं की पेन्सिलीला टोक करण्याआधी उजव्या बाजूला t कुठे लपलाय का ते शोधा, आणि cos, e यांच्या कंसातही बघा.